व्हॅल्युअर येण्याआधी नकाशा काढा

फ्लॅटचा व्यवहार ठरतो, टोकन दिलं-घेतलं जातं, खरेदीदार बँकेत कर्जाची फाईल टाकतो आणि मग विकणाऱ्याच्या घरी एक फोन येतो: “बँकेच्या टेक्निकलसाठी उद्या सकाळी येऊ का?” या फोननंतर घरात काय होतं ते मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे, कारण फोन करणारा तो माणूस मी असतो. सिव्हिल इंजिनिअर आहे आणि बँकांसाठी मालमत्तेच्या मूल्यांकनाचं काम करतो. मी पोचतो तेव्हा घर लख्ख झालेलं असतं. पडदे बदललेले असतात, काही ठिकाणी रंगाचा ओला वास येत असतो, आणि घरातल्या वहिनी किंवा काकू आग्रहानं पोहे पुढे करतात. मग मी विचारतो, “मंजूर नकाशाची प्रत आहे का?” आणि घरात शांतता पसरते. नकाशा बिल्डरकडे होता, बिल्डर कुठे आहे माहीत नाही, सोसायटीच्या कपाटात असेल कदाचित, सेक्रेटरी गावाला गेलेत.

विकणाऱ्यांची मेहनत चुकीच्या जागी खर्च होताना पाहून वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

बँक कर्ज देण्यापूर्वी दोन तपासण्या करून घेते. मालकी कोणाची, आधीचे व्यवहार कसे झाले, बोजा आहे का, हे वकील पाहतो. ते ‘लीगल’. जागा प्रत्यक्षात काय आहे आणि तिची किंमत किती, हे व्हॅल्युअर पाहतो. ते ‘टेक्निकल’. टेक्निकलला येणाऱ्या माणसाच्या डोक्यात तीन प्रश्न असतात. कागदावर लिहिलेला फ्लॅट हाच का? महापालिकेनं मंजूर केला तसाच तो बांधलेला आणि राखलेला आहे का? आणि कर्ज थकलं, बँकेला हा फ्लॅट विकावा लागला, तर आजच्या बाजारात त्याचे किती येतील? सोफा, झुंबर आणि पडद्यांना या तिन्हीत जागा नाही. फर्निचर बँकेकडे गहाण राहत नाही, त्यामुळे त्याची किंमत अहवालात धरली जात नाही. म्हणून तयारी करायची ती या तीन प्रश्नांची.

पहिला प्रश्न सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त फायली त्यावरच अडकतात. बिल्डरनं १९९६ साली करार केला तेव्हा फ्लॅट होता ‘क्रमांक ७, दुसरा मजला’. पुढं सोसायटी झाली, कमिटीनं नव्या पाट्या लावल्या आणि तोच फ्लॅट २०३ झाला. वीजबिलावर अजून ७ आहे, महापालिकेच्या करपावतीवर तिसराच क्रमांक आहे, आणि भाग दाखल्यावर फक्त नाव आहे, फ्लॅट क्रमांकच नाही. घरात राहणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही, त्याला त्याचं घर माहीत असतं. पण बँकेला करारातला ७ म्हणजे दारावरचा २०३ हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं. मजल्यांचाही असाच गोंधळ होतो. खाली पार्किंग असलेल्या इमारतीत नकाशा पार्किंगच्या वरच्या मजल्याला पहिला म्हणतो, लिफ्टवर मात्र कधीकधी त्यासमोर दोन आकडा असतो.

यावर उपाय एका कागदाचा आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर सेक्रेटरीच्या सही-शिक्क्यानं पत्र घ्यायचं: करारातला जुना क्रमांक, आताचा क्रमांक, विंग, मजला, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि मालकाचं नाव, आणि हे दोन्ही क्रमांक एकाच फ्लॅटचे आहेत असं स्पष्ट विधान. व्हॅल्युअर येऊन गेल्यावर हे पत्र मागितलं जातं तेव्हा कमिटीची मीटिंग, सेक्रेटरीची सवड वगैरेत पंधरा दिवस सहज जातात. आधी घेतलं तर एका संध्याकाळचं काम आहे.

याहून गंभीर प्रकार म्हणजे डावं-उजवं. मजल्यावर समोरासमोर सारखे दोन फ्लॅट असतात. नकाशात ७ नंबर पूर्वेला दाखवलेला असतो, ताबा देताना बिल्डरच्या माणसानं चाव्या उलट्या दिल्या, आणि दोन कुटुंबं वर्षानुवर्षं एकमेकांच्या फ्लॅटमध्ये राहत असतात. कुणाला कळतही नाही, कारण दोन्ही घरं एकसारखी. हे कळतं ते व्हॅल्युअर नकाशा हातात धरून उत्तर दिशा पाहतो तेव्हा. मग दोन्ही मालकांनी मिळून चूक दुरुस्ती दस्त नोंदवण्यापर्यंत वेळ येते, आणि शेजाऱ्याला सध्या विकायचं नसेल तर त्याला या कामाची घाई नसते. म्हणून मोबाईलवर दिशा पाहा, जिन्यातून बाहेर येताना आपलं दार डावीकडे आहे की उजवीकडे ते पाहा आणि नकाशाशी ताडून घ्या. दहा मिनिटं लागतात.

यासाठी नकाशा हाताशी हवा. इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत बहुतेक वेळा सोसायटीच्या दप्तरात असते. भोगवटा प्रमाणपत्रही, म्हणजे इमारत नकाशाप्रमाणे पूर्ण झाली आणि राहायला योग्य आहे असा महापालिकेचा दाखला, तिथंच असायला हवं. दोन्ही नसतील तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता येतो, किंवा माहिती अधिकाराखाली मागता येतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. म्हणजे टोकन घेतल्यावर अर्ज केला तर खरेदीदार महिनाभर नुसता थांबणार. फ्लॅट विकायचा विचार पक्का झाला त्याच आठवड्यात हा अर्ज टाकावा. जुन्या इमारतींत भोगवटा प्रमाणपत्र मुळात घेतलेलंच नाही असंही आढळतं. तसं असेल तर लपवू नका. काही बँका अशा फायली घेतच नाहीत, काही जण इमारतीचं वय आणि इतर कागद पाहून विचार करतात. खरेदीदाराला पहिल्याच भेटीत सांगितलं तर तो आपल्या बँकेला आधी विचारू शकतो, आणि कुणाचंही टोकन अडकत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, आणि इथं एक फ्लॅट प्रत्यक्ष मोजूनच पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण पुण्यातल्या कोथरूडसारख्या भागात असे फ्लॅट पुष्कळ सापडतील. १९९६ सालची चार मजली इमारत, खाली पार्किंग, दोन बेडरूमचा फ्लॅट. करारात ‘७६० चौरस फूट बिल्टअप’ लिहिलं आहे. एजंटानं जाहिरात ९०० चौरस फुटांची केली आणि व्यवहार ८५ लाखांना ठरला.

नकाशा मीटरमध्ये असतो. हॉलवर ३.०५ गुणिले ४.८८ लिहिलं असेल तर ते दहा फूट बाय सोळा फूट झालं. मीटरला ३.२८ नं गुणलं की फूट मिळतात, आणि चौरस मीटरला १०.७६४ नं गुणलं की चौरस फूट. आता टेप घ्या आणि भिंतीच्या आतल्या बाजूनं मोजा. बेडरूम जुळतात, स्वयंपाकघर जुळतं. हॉल मोजायला जाता तेव्हा सोळाच्या जागी वीस फूट भरतात. कारण सरळ आहे. हॉलपुढची चार फुटांची बाल्कनी कधीतरी मधली भिंत काढून आत घेतली, पुढे खिडकी बसवली. घरच्यांना आता तो हॉलच वाटतो. नकाशात मात्र तिथं अजून बाल्कनी आहे.

नकाशाप्रमाणे बेरीज अशी: हॉल १६०, स्वयंपाकघर ८०, बेडरूम १२० आणि ११०, दोन्ही न्हाणीघरं-संडास मिळून ५२, पॅसेज ४२. एकूण ५६४ चौरस फूट कार्पेट. त्याशिवाय हॉलची बाल्कनी ४० आणि स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी २८. सगळं मिळून ६३२. भिंतींची जाडी वगैरे धरून त्यावर वीस टक्के चढवले की ७५८ होतात, म्हणजे करारातले ७६० बरोबर आहेत. एजंटाचे ९०० आले ते जिना, लॉबी आणि पार्किंगचा वाटा मिळवून. त्याला बाजारात सुपर बिल्टअप किंवा सेलेबल म्हणतात. बँकेच्या अहवालात या ९०० ला आधार नाही.

रेरा कायद्यानं कार्पेटची व्याख्या पक्की केली आहे. आतल्या भिंतींसह वापरायची जागा त्यात येते. बाहेरच्या भिंती, डक्ट, फ्लॅटची बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाहीत. जुने करार या व्याख्येच्या आधीचे, त्यामुळे त्यांत बाल्कनी कधी आत धरलेली असते, कधी नसते. म्हणून विकणाऱ्यानं एका कागदावर खोलीगणिक माप लिहून ठेवावं, बाल्कनी वेगळी दाखवावी, आणि खरेदीदारालाही तोच कागद द्यावा. मी माझ्या लेझरनं पुन्हा मोजतोच, पण घरमालकाचं माप आणि माझं माप जुळलं की पुढचं बोलणं सरळ होतं.

आत घेतलेल्या बाल्कनीचं काय करायचं, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. प्रथम पाहा, परवानगीचा कागद आहे का. काही ठिकाणी शुल्क भरून बाल्कनी बंदिस्त करायची परवानगी मंजूर नकाशातच मिळालेली असते. असेल तर नकाशावर तशी नोंद दिसते आणि विषय मिटतो. नसेल तर व्हॅल्युअर नकाशातलं क्षेत्रच धरतो आणि बाल्कनी आत घेतल्याची नोंद करतो. नुसती ग्रिल किंवा सरकती काच बसवली असेल तर बहुतेक बँका खळखळ करत नाहीत. भिंत काढली असेल आणि त्यावरचा बीम शाबूत असेल तर नोंद होते, क्वचित पूर्ववत करून देण्याची हमी मागितली जाते. पण कपाट बसवायला किंवा पाईप न्यायला कॉलम किंवा बीम फोडला असेल, तर प्रकरण वेगळं. तिथं मी शिफारस करू शकत नाही, करूही नये. तो फ्लॅट वरच्या मजल्यांचं ओझं पेलत असतो. अशा ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून दुरुस्ती करून घेणं आणि त्याचं प्रमाणपत्र घेणं, हे व्हॅल्युएशनच्या आधी करायचं काम आहे. बँकेसाठी नव्हे, वरच्या घरांतल्या माणसांसाठी.

गच्चीवरचा पत्र्याचा निवारा, तळमजल्याच्या मागं वाढवलेली खोली, दोन फ्लॅटमधली भिंत काढून केलेलं एक मोठं घर, हे सगळं याच जातीचं. वाढवलेल्या जागेची किंमत विकणाऱ्यानं दरात धरलेली असते, अहवालात ती शून्य येते. त्यामुळे वाद टाळायचा तर ठरवतानाच ती किंमत वेगळी बोलावी.

आता रंगाबद्दल. घर स्वच्छ असावं, एवढंच. ओलीवर रंग मारणं हा मात्र पैशांचा अपव्यय तर आहेच, शिवाय त्यानं संशय वाढतो. सगळ्या घराचा रंग जुना आणि बेडरूमच्या एकाच कोपऱ्यात ताजा पांढरा चौकोन दिसला की मी तिथंच थांबतो. वरच्या फ्लॅटचं न्हाणीघर कुठे येतं ते पाहतो, बोटाच्या पेरांनी प्लास्टर ठोकतो. घट्ट प्लास्टरचा आवाज टणक येतो, सुटलेल्याचा पोकळ. छताचं प्लास्टर पोकळ वाजत असेल आणि त्यावर सरळ रेषेत तांबूस चीर असेल, तर आतली सळई गंजून फुगली आहे असं समजायचं. प्लास्टरवरची केसासारखी वेडीवाकडी चीर वेगळी, ती बहुतेक घरांत असते आणि तिला कुणी नाकारत नाही. पण कॉलमवर उभी गेलेली किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली रुंद चीर मी फोटोसह नोंदवतो.

गळती असेल तर मूळ शोधून थांबवा, वाळू द्या, मग रंग लावा. दुरुस्तीचं बिल आणि दुरुस्तीआधीचे फोटो ठेवा आणि मला स्वतःहून दाखवा. अहवालात ‘गळती होती, दुरुस्त केली आहे’ हे वाक्य ‘गळती आढळली’ या वाक्यापेक्षा फार वेगळं पडतं. वरच्या मजल्यावरच्यांशी गळतीवरून भांडण चालू असेल तर तेही खरेदीदाराला आधी सांगावं. वॉचमनशी दोन मिनिटं बोललं तरी मला ते कळतं.

इमारतीच्या वयाचा हिशेब घरमालकाच्या हातात नाही, पण माहीत असावा. आरसीसी इमारतीचं एकूण आयुष्य व्हॅल्युअर साधारण ६० वर्षांच्या आसपास धरतात, देखभालीप्रमाणे त्यात कमी-जास्त करतात. कर्जाची मुदत इमारतीच्या उरलेल्या आयुष्याच्या आत संपावी, तीही थोडी जागा ठेवून, असं बँकेला वाटतं. १९९६ सालच्या इमारतीवर वीस वर्षांचं कर्ज बसतं. १९८० सालच्या इमारतीवर तेवढी मुदत मिळणं अवघड जातं, मुदत घटते, हप्ता वाढतो, आणि मग खरेदीदाराची कर्ज घेण्याची ऐपतच कमी ठरते. इथं सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल कामी येतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. अहवाल चांगला असेल तर त्याची प्रत काढून ठेवा. सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघाला असेल, ठराव झाला असेल, तर तो लपत नाही. पाडली जाणार असलेल्या इमारतीतला फ्लॅट तारण घ्यायला बँक कचरते, म्हणून हा विषय खरेदीदारापाशी टोकनच्या आधी काढावा.

पार्किंगबद्दल थोडक्यात. सुप्रीम कोर्टानं २०१० साली निकाल दिला की इमारतीखालचं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्यामुळे ‘पार्किंगचे वेगळे पैसे दिले होते’ हे सांगून भागत नाही. सोसायटीनं दिलेलं वाटपपत्र असेल तर त्याची प्रत द्या, जागेवर नंबर रंगवलेला असेल तर तो दाखवा.

प्रत्यक्ष भेट अर्ध्या तासाची असते. येणाऱ्याचं नाव आणि नंबर खरेदीदाराकडून किंवा बँकेच्या अधिकाऱ्याकडून आधी पडताळून घ्या, विशेषतः घरात ज्येष्ठ एकटे असतील तर. सगळ्या खोल्या उघड्या हव्यात. ‘त्या खोलीत सामान आहे, कुलूप आहे’ म्हटलं की मला तसं लिहावं लागतं आणि बँक पुन्हा भेट द्यायला सांगते. आतून प्रत्येक खोलीचे, दाराबाहेरच्या पाटीचे, वीजमीटरचे, इमारतीच्या समोरच्या बाजूचे आणि रस्त्याचे फोटो घेतले जातात. त्यांवर वेळ आणि ठिकाणाची नोंद येते. फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल तर त्याला दोन दिवस आधी कल्पना द्या, कारण इथं कोण राहतं आणि कशाच्या आधारावर हे मी विचारणार, आणि गोंधळलेला भाडेकरू ‘मला काही माहीत नाही, मालकांना विचारा’ म्हणून दार लोटतो. शक्यतो मालकानं स्वतः हजर राहावं.

कागदांच्या झेरॉक्स द्या, मूळ प्रती दाखवा पण हातातून सोडू नका. करार, इंडेक्स टू, भाग दाखला, मेंटेनन्सची आणि मालमत्ता कराची अलीकडची पावती, वीजबिल, नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं पत्र. आधी दोन-तीन मालक होऊन गेले असतील तर त्या सगळ्यांचे करार. व्यवहार कितीला ठरला असं विचारलं तर खरा आकडा सांगा. आणि कुणी सुचवलं तरी पाकीट पुढे करू नका. मूल्यांकनाची फी बँकेमार्फत मिळते. पाकीट घेणारा व्हॅल्युअर तुमचा अहवाल जितक्या सहज वर नेतो, तितक्याच सहज दुसऱ्याचा खाली आणतो, आणि हे उघडकीला आलं तर फाईलच बंद होते.

आता तिसरा प्रश्न, किमतीचा. मी तो फ्लॅट ९०० नं गुणत नाही. करार आणि नकाशाला धरून असलेले ७६० घेतो. दर ठरवताना त्याच भागात, त्याच वयाच्या इमारतींत अलीकडे नोंदवलेले व्यवहार पाहतो, सरकारी रेडी रेकनर पाहतो, दोन-तीन एजंटांशी बोलतो, मजला, लिफ्ट आणि रस्ता पाहतो. आपल्या उदाहरणात बिल्टअपचा दर १०,४०० रुपये निघाला असं धरू. ७६० गुणिले १०,४०० म्हणजे ७९ लाख ४ हजार. अहवालात ७९ लाख.

ठरलेली किंमत ८५ आणि मूल्यांकन ७९ असेल तर बँक कमी आकडा धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के, आणि त्यावरच्या कर्जात ७५ टक्के देता येतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत सहसा धरता येत नाही. ८५ च्या हिशेबानं खरेदीदार ६८ लाख कर्ज धरून चालला होता. ७९ च्या हिशेबानं त्याला ६३ लाख २० हजार मिळतात. ४ लाख ८० हजारांचा खड्डा पडला, आणि तो त्यानं स्वतःच्या खिशातून भरायचा आहे. मध्यमवर्गीय खरेदीदारानं आधीच भविष्यनिर्वाह निधी काढलेला असतो, दागिने मोडलेले असतात. व्यवहार मोडतात ते बहुतेक याच ठिकाणी, आणि दोन्हीकडची माणसं समोरच्यानं फसवलं असं म्हणत वेगळी होतात. वास्तविक कुणीच फसवलेलं नसतं. किंमत ९०० फुटांवर ठरली आणि कर्ज ७६० वर.

हे आधी कळू शकतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून नोंदलेल्या दस्तांचा इंडेक्स टू पाहता येतो. आपल्या आणि आसपासच्या सोसायट्यांतले गेल्या वर्षभरातले व्यवहार काढा, त्यांतल्या क्षेत्रफळानं भागून दर काढा. भागताना त्यांचं क्षेत्र कार्पेट आहे की बिल्टअप हे तपासा, नाहीतर दर उगाच फुगलेला किंवा पडलेला दिसतो. त्या दरानं आपला फ्लॅट किती येतो ते पाहून मग किंमत सांगा.

अहवाल कमी आला तर फेरविचार मागता येतो, पण भावनेवर नाही. अहवाल बँकेसाठी असतो, त्यामुळे बोलायचं खरेदीदारामार्फत आणि बँकेशी. नोंद झालेला तुल्य व्यवहार सुटला असेल तर त्याचा इंडेक्स टू द्या, पार्किंगचं पत्र राहिलं असेल तर ते द्या, क्षेत्रफळ चुकीचं धरलं असेल तर नकाशा आणि आपल्या मापांचा कागद द्या. यात तथ्य असेल तर आकडा बदलतो. ‘शेजारच्यानं नव्वदला विकला’ या सांगण्यावर बदलत नाही. खरेदीदार दुसऱ्या बँकेत जाऊ शकतो, तिथं दुसरा व्हॅल्युअर येईल आणि आकडा थोडा वेगळा येऊ शकेल, पण नकाशा आणि बाल्कनी तीच राहणार, आणि दुसऱ्यांदा फी आणि वेळ जाणार.

एक क्रम मात्र दोघांनीही पाळावा. पुष्कळ जण घाईनं करारनामा नोंदवून टाकतात आणि टेक्निकल नंतर होतं. मुद्रांक शुल्क तर ८५ वर भरलेलं असतं, मग अहवाल ७९ चा येतो आणि मागं फिरणं महाग पडतं. टोकनची पावती आणि कराराचा मसुदा यांवर टेक्निकल करून द्याल का, असं खरेदीदारानं बँकेला आधी विचारावं. बऱ्याच बँका करून देतात. टोकनच्या कागदावरही एक कलम घालावं: मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा इतक्या टक्क्यांहून कमी आलं किंवा टेक्निकल नाकारलं गेलं, तर टोकन किती दिवसांत परत करायचं, किंवा फरक दोघांत कसा वाटायचा. आपल्या उदाहरणात असं कलम असतं तर विकणाऱ्यानं किंमत ८२ वर आणली असती, खरेदीदारानं उरलेल्या पैशांची तजवीज केली असती, आणि करारनामा ८२ लाखांचा एकदाच नोंदला गेला असता.